लोणच्याची बरणी चालेल, पाण्याची बाटली नाही

तालुक्याच्या गावापासून दहा-बारा किलोमीटर आत गेलात की पेट्रोलपंप संपतो आणि पेट्रोलची दुकाने सुरू होतात. किराणा दुकानाच्या दारात, फळीवर, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या असतात आणि त्यांत पिवळसर, केशरी झाक असलेले पेट्रोल असते. एका बाजूला उदबत्त्यांचे पुडे, दुसऱ्या बाजूला आगपेट्यांचा गठ्ठा. खाली फ्रिज, त्यात थंड ताक. भाव पंपापेक्षा चढा आणि माप बाटलीच्या मानेपर्यंत, म्हणजे दुकानदाराच्या मर्जीपर्यंत. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवूनच टाकीचे झाकण उघडते, दुकानदार फनेल लावतो, आणि बाजूला उभा असलेला तिसरा माणूस विडी विझवायची तसदी घेत नाही. वर्षानुवर्षे काही झालेले नाही, त्यामुळे पुढेही होणार नाही, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

गंमत पुढे आहे. याच गावात कुणा शेतकऱ्याने ट्रॅक्टरसाठी दोनशे लिटरचा डिझेलचा बॅरल आणून गोठ्यामागे ठेवला की गाव हादरते. 'अहो, दोनशे लिटर! पेटलं तर अख्खी आळी जाईल.' ग्रामसेवकाच्या कानावर जाते. पोलीसपाटील येऊन बघून जातात. येता येता त्याच किराणा दुकानात थांबून ते गाडीत एक बाटली पेट्रोल टाकून घेतात.

कायदा मात्र बरोबर उलट बोलतो, आणि तो आजचा नाही. पेट्रोलियम कायदा 1934 सालचा आहे. त्याने इंधनांची वर्गवारी केली ती किमतीवरून किंवा रंगावरून नाही, तर फ्लॅश पॉइंटवरून. म्हणजे किती तापमानाला त्या द्रवावर इतकी वाफ जमते की ठिणगी लागताच ती भपकन पेटेल. 23 अंश सेल्सिअसच्या खाली ज्याचा फ्लॅश पॉइंट तो 'अ' वर्ग, 23 ते 65 मधला 'ब'. पेट्रोल 'अ' वर्गात बसते, आणि काठावर नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतच काय, सियाचीनवरही ते काडीची वाट बघत असते. डिझेल आणि रॉकेल 'ब' वर्गात. आपल्याकडच्या मानकांनुसार या दोघांचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश असावा लागतो.

म्हणून कायद्याने डिझेल आणि रॉकेलचा हिशेब बॅरलने केला आणि पेट्रोलचा लिटरने. 'ब' वर्गाचे इंधन एका जागी 2500 लिटरपर्यंत ठेवायला परवाना लागत नाही. अट एवढीच की त्यातले एकही भांडे हजार लिटरपेक्षा मोठे नको. गोठ्यामागचा तो बदनाम बॅरल या मर्यादेच्या बाराव्या हिश्शालाही पोचत नाही. पेट्रोल मात्र परवान्याशिवाय फक्त 30 लिटर, आणि तेही विकण्यासाठी नसेल तरच. विकायचे म्हटले की तीसची सवलत गेली. मग फळीवर तीस बाटल्या असोत की एक, दुकानदार सारखाच उघडा पडतो. ज्यांच्याकडे गाडी किंवा इंजिन आहे त्यांना त्यासाठी शंभर लिटरपर्यंत मुभा आहे, पण तीसच्या वर गेलात की ते वेगळ्या जागी हवे, जिथून माणसे राहतात किंवा काम करतात त्या खोलीत दार उघडत नाही अशा. घराखालच्या दुकानाच्या माळ्याला अशी जागा म्हणत नाहीत, हे सांगायला वकील लागू नये.

आता भांडे. कायदा म्हणतो, असे बिनपरवाना पेट्रोल घट्ट बुचाच्या भांड्यात ठेवा. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे असेल तर 25 लिटरपेक्षा मोठे नको. यादी इथे संपते. आजीच्या लोणच्याच्या बरणीला 1934 पासून कायद्याचा आशीर्वाद आहे. पाण्याच्या बाटलीचे, तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचे, रंगाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीचे यादीत नावच नाही. मी हे एका दुकानदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तेव्हा प्लास्टिक होतं कुठं? असतं तर लिहिलं असतं." युक्तिवाद बरा आहे. फक्त त्यानंतर प्लास्टिक आले, नव्वद वर्षे गेली, मूळ कायद्यात दुरुस्त्या झाल्या, मापे गॅलनची लिटर झाली, तरी ती यादी काच, चिनी माती आणि धातू इथेच उभी आहे. नुसता विसर पडला असता तर एवढा टिकला नसता. आणि ज्यांच्याकडे हे सगळे बघायचे काम आहे, त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय काही परदेशात नाही, आपल्या नागपुरात आहे. विचारायला जायला एसटी आहे.

प्लास्टिकने बिघडते काय, ते बघू. पाण्याची बाटली पेट्रोलने लगेच विरघळत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. ती बाटली साध्या पाण्यासाठी केलेली असते, तिचे पातळ बूच पेट्रोलच्या वाफेचा दाब धरून ठेवण्यासाठी नसते. दुपारी फळीवर ऊन आले की बाटली फुगते, बुडाशी बाक येतो, डुगडुगायला लागते. संध्याकाळी बूच उघडताना फुस्स असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे दिवसभर आत कोंडलेली वाफ, आणि ज्या बाटल्यांतून तो येत नाही त्यांची वाफ दिवसभर दुकानात सुटत होती. जाड प्लास्टिकच्या साध्या कॅनमध्ये तर पेट्रोल भिंतीतूनही हळूहळू झिरपते. कॅन बाहेरून कोरडा, पण ज्या खोलीत ठेवला तिला वास. वास येतोय म्हणजे गळतेय, 'पेट्रोल आहे म्हटल्यावर वास येणारच' असे नव्हे. नीट बंद धातूच्या डब्याशेजारी नाक नेले तर काही येता कामा नये.

दुसरे दुखणे स्थिर विजेचे. पेट्रोल धारेने पडताना विद्युतभार तयार होतो. धातूच्या डब्यातून तो जमिनीत उतरून जातो, प्लास्टिकच्या कॅनवर तो साचून बसतो. कॅन जमिनीला न टेकवता गाडीच्या हुकाला लटकवून किंवा टेम्पोच्या रबरी चटईवर ठेवून भरला तर त्या भाराला जायला वाटच नसते. म्हणून डबा धातूचा असला तरी भरताना जमिनीवर ठेवायचा आणि नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून भरायचे. हातात धरून, वरून लांब धार सोडायची कला उसाच्या रसवंतीसाठी राखून ठेवा.

आणि गळ्यापर्यंत भरायचे नाही. पैसे दिलेत, पूर्ण भरून घ्या, हा आपला राष्ट्रीय बाणा आहे. पण पेट्रोल तापले की फुगते. सकाळी पंचवीस अंशाला भरलेले वीस लिटर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंचेचाळीस अंशाला गेले की जवळजवळ चारशे मिलिलीटर जास्त जागा मागते. वीसच्या डब्यात एकोणीस लिटर भरा. तो एक लिटर फुकट जात नाही, तो डब्याच्या शिवणीचा विमा असतो.

एवढे सगळे वाफेसाठी का, हे कळायला हिशेब एकदाच करून बघावा. दुकान आठ बाय दहाचे धरू. शटर अर्धे खाली, पंखा बंद. कॅनमधून बाटल्या भरताना पावलिटर पेट्रोल फरशीवर सांडले. दुकानदार पाय फिरवून म्हणतो, उडून जाईल. उडते खरे, पण जाते कुठे? एक लिटर पेट्रोल पुरते उडाले तर दीडशे ते दोनशे लिटर वाफ होते, तेव्हा पावलिटरची झाली चाळीसेक लिटर. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली की ती पेटण्याजोगी होते. म्हणजे ही चाळीस लिटर वाफ अडीच-तीन हजार लिटर हवेला पेटण्याजोगी करू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीने जड, त्यामुळे वर जाऊन ती छपरातून निघून जात नाही, पाण्यासारखी फरशीवर पसरते. आठ बाय दहाच्या फरशीवर हा थर सुमारे सव्वा फूट उंच होतो. दुकानदाराचे नाक पाच फुटांवर. त्याला वाटते, वास गेला.

सव्वा फुटाच्या आत दुकानात काय काय असते? फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले, जो दर काही मिनिटांनी चालू-बंद होताना बारीक ठिणगी टाकतो. इन्व्हर्टरची बॅटरी. जमिनीलगतचा तो सैल झालेला प्लग. कोपऱ्यात देव्हाऱ्याखाली लावलेली उदबत्ती. काडी ओढणारा माणूस दारात असला तर तो नंतर. पेट्रोलची आग लागते तेव्हा सगळे 'कुणी विडी ओढली' ते शोधतात आणि थंड ताकाच्या फ्रिजला कुणी विचारत नाही.

म्हणून घरी फवारणीच्या पंपासाठी किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी पाच लिटर पेट्रोल ठेवायचेच असेल तर ते घरात नको. घराबाहेर, सावलीत, हवा खेळेल अशा कुलूपबंद कोनाड्यात, धातूच्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' लिहून. यंत्रात ओतायचे तर अंगणात, इंजिन गार झाल्यावर. जवळ वाळूची बादली किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक. पाणी मारलेत तर पेट्रोल पाण्यावर तरंगत, जळत जळत पाणी जाईल तिकडे जाते.

आता गोठ्यामागच्या बॅरलकडे येऊ. कायद्याने तो निर्दोष सुटला, पण त्याच्या वकिलाने फार मिशीला पीळ देऊ नये. डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 असावा, एवढेच मानक सांगते. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतच 45 चा पारा असतो, पत्र्याच्या शेडमध्ये आणखी वर. त्या दुपारी 35 च्या काठावरचे डिझेल कागदावर 'ब' वर्गात असते, पण वागते 'अ' वर्गासारखे. 'डिझेल काडीने पेटत नाही' हे आपल्याकडचे आवडते प्रात्यक्षिक आहे. ते डिसेंबरात दाखवावे. मे महिन्यात दाखवणाऱ्याच्या भुवया आधी बघून घ्याव्यात.

बॅरलची रोजची रड मात्र आगीची नसते, पाण्याची असते. लोक बॅरल उघड्यावर उभा ठेवतात. वरच्या झाकणाला कड असते, पावसाचे पाणी तिच्यात साचते, आणि दोन्ही बुचे नेमकी त्या तळ्यात बुडालेली असतात. दिवसा बॅरल तापतो, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाला की तो श्वास आत घेतो, आणि त्या वेळी तोंडाशी हवा नसते, पाणी असते. बूच 'घट्ट' आहे असे मालक शपथेवर सांगतो, आणि आश्विनापर्यंत तळाशी ग्लासभर पाणी जमते. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ तयार होतो. ट्रॅक्टरचा फिल्टर महिन्यात दोनदा बदलावा लागला की आपण पंपवाल्याच्या नावाने बोटे मोडतो. त्याआधी तळातले अर्धा लिटर काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. खाली पाण्याचा थेंब किंवा काळे तंतू दिसले तर दोष आपल्या गोठ्यामागे आहे.

उपाय साधा आहे. बॅरल शेडखाली, लाकडी ओंडक्यांवर आडवा, दोन्ही बुचे समान उंचीवर आडव्या रेषेत येतील असा, म्हणजे ती आतून डिझेलने झाकलेली राहतात आणि आत ओढायला हवाच मिळत नाही. उभाच ठेवायचा असेल तर एका बाजूला थोडा कलता, बुचे साचत्या पाण्याच्या बाहेर येतील असा. काढायला हातपंप वापरा. नळी तोंडाने ओढणाऱ्यांचे धाडस मला मान्य आहे, त्यांच्या फुप्फुसांना नाही. आणि डिझेल जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत किंवा टाकीत साठवू नका. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी रासायनिक खेळ करते आणि साबणासारखा चिकट मळ इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. साधे लोखंड चांगले. गोठ्यात दूध काढायची बादली तेवढ्यापुरती 'उसनी' घेणाऱ्यांना दोन्हीकडून शिव्या बसतील.

बॅरल रिकामा झाला की खरा धोका सुरू होतो, हे गावात कुणाला पटत नाही. भरलेल्या बॅरलला लोक दबकून असतात. रिकामा झाला की त्याची चूल, बंब, गुरांच्या पाण्याची कुंडी करायला वेल्डिंगवाल्याकडे नेतात. तो विचारतो, "धुतलाय ना?" हो, दोन बादल्या पाणी फिरवलंय. पण शिवणीत, कडेच्या दुमडीत तेलाचा लेप तसाच असतो. गॅस कटरची उष्णता लागली की तो लेप वाफ होतो, आत बंद जागा, बाहेर ज्योत. झाकण उडते ते समोर वाकून कापणाऱ्याच्या तोंडावर. डिझेल काय, इंजिन ऑइलचा बॅरलही असाच फुटतो. ग्राइंडरनेही तेच होते, ठिणग्या तर त्यात जास्तच. कुंडी हवी असेल तर सिमेंटची घ्या. जुना बॅरल भंगारवाल्याला बुचे लावून द्या.

रॉकेलचे काय, असे विचारायचे दिवस आता सरत आले. निळ्या रेशनच्या रॉकेलच्या रांगा आठवणारी पिढी केस पांढरे करून बसली आहे. तरी वीज जाते तिथे कंदील आहे, स्टोव्ह आहे, आणि स्टोव्हच्या शेजारी पाण्याची बाटली आहे, ज्यात पाणी नाही. या बाटलीने आपल्याकडे बरीच मुले दवाखान्यात नेली. दोन-तीन वर्षांचे पोर तहानेने बाटली तोंडाला लावते, पाण्यासारखेच दिसते, एक घोट जातो, ठसका लागतो. मग घरातले शहाणे मिठाचे पाणी पाजून ओकारी करवतात. तिथेच घात होतो. रॉकेल पोटात असते तेव्हा जेवढे नुकसान करते त्यापेक्षा कितीतरी जास्त ते ओकताना श्वासनळीत उतरून फुप्फुसात करते. ओकारी करवू नका, दूधही पाजू नका. सरळ दवाखाना, आणि सोबत बाटली. पोर हसत असले तरी खोकला किंवा धाप काही तासांनी सुरू होऊ शकते. म्हणून रॉकेलचे भांडे असे असावे की त्याला बघून कुणाला तहान लागू नये, आणि ते उंचावर असावे.

एक गोष्ट आणखी. पेट्रोलचा कॅन रिकामा झाला म्हणून त्यात रॉकेल आणू नका. तळात राहिलेले थोडे पेट्रोल डब्यातल्या सगळ्या रॉकेलचा फ्लॅश पॉइंट खाली ओढते, आणि वात पेटवताना स्टोव्ह नेहमीसारखा सुरू होत नाही, एकदम फक्क करून उंच ज्योत फेकतो. वास नेहमीपेक्षा झोंबरा वाटला तर काडी लावून खात्री करू नका. ते रॉकेल स्टोव्हमध्ये घालायचेच नाही.

आता पुन्हा त्या फळीवरच्या पेट्रोलला एक निरोप. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. पावसाळ्यात अर्धी भरलेली, बूच सैल असलेली बाटली आठवडे पडून राहिली, वरून पागोळीचे चार थेंब आत गेले, की पाणी बऱ्यापैकी झाल्यावर इथेनॉल पेट्रोलचा हात सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. आधी पेट्रोल गढूळ दिसते, मग बाटलीत दोन थर दिसतात. हलवून एक करता येत नाहीत. गिऱ्हाईकाच्या टाकीत गेले की नळीच्या तोंडाशी तळचा थर आधी येतो आणि गाडी पुढच्या वळणावर बंद पडते. दुकानदार म्हणतो, प्लग साफ कर.

असे पेट्रोल घरी निघाले तर यंत्रात घालू नका, आणि फेकायला गटारात तर मुळीच ओतू नका. वाफ गटारातून सरपटत जाते, आणि शेजाऱ्यांच्या मोरीत सकाळी बंब पेटलेला असतो. घट्ट बुचाच्या धातूच्या डब्यात, वर 'खराब पेट्रोल' लिहून, एखाद्या मोठ्या गॅरेजवाल्याकडे द्या, जो जुने ऑइल आणि इंधन अधिकृतपणे उचलणाऱ्याला देतो. दहापैकी नऊ गॅरेजवाले म्हणतील, "ओता की तिकडं मागं." दहाव्याचा पत्ता जपून ठेवा.